दहा वर्षांच्या जेवणात कर्मचाऱ्यांचे आभार कसे मानावेत?

येत्या महिन्यात आमच्या रेस्टॉरंटला दहा वर्षे पूर्ण होत आहेत. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी आमचे 34 कर्मचारी आणि त्यांच्या घरचे यांच्यासाठी रात्रीचे जेवण ठेवले आहे. तिथे मला आभाराचे भाषण करायचे आहे. एका मित्राने 12 मिनिटांचे भाषण लिहून दिले. ते चांगले आहे, पण वाचताना माझे वाटत नाही. त्यात ‘आपण सारे एक कुटुंब आहोत’ हे वाक्य चार वेळा आले आहे. 2020 मध्ये आम्ही सात महिने बंद होतो. तेव्हा मी नऊ जणांना कामावरून कमी केले, त्यांपैकी चार नंतर परत आले. बाकीच्यांना अर्धा पगार दिला आणि उरलेल्याचे ‘पुढे बघू’ म्हणालो होतो. आमचे पहिले मुख्य आचारी चौथ्या वर्षी माझ्याशी वाद होऊन निघून गेले. हे विषय काढावेत का? नावे कोणाकोणाची घ्यावीत? अंगात ताप असतानाही गर्दीच्या रात्री कामावर आलेल्या एका आचाऱ्याची गोष्ट मला आवर्जून सांगायची आहे.
– एक रेस्टॉरंटमालक

भाषणाच्या कागदाला हात लावण्यापूर्वी पगाराची जुनी वही उघडा, अशी माझी तुम्हाला पहिली विनंती आहे. ‘पुढे बघू’ हे शब्द बोलणाऱ्याला सांत्वनाचे वाटतात, पण ज्याच्या घरात त्या महिन्यात अर्धेच पैसे आले त्याने ते वचन म्हणून ऐकलेले असते. तो विषय पुन्हा निघाला नाही, याचा अर्थ तो मिटला असा होत नाही; मालकाकडे मागण्याचा संकोच वाटला, एवढाच होतो. अशा स्थितीत तुम्ही दहा वर्षांचे आभार मानायला उभे राहिलात, तर त्या काळात तुमच्याकडे असलेली माणसे तुमचे प्रत्येक वाक्य ‘आता ते येईल’ या अपेक्षेने ऐकतील आणि ते आले नाही की बाकीचे सारे भाषण त्यांच्या कानावरून जाईल.

म्हणून जेवणाच्या किमान आठवडाभर आधी एक साधा तक्ता करा. कोणाला किती महिने अर्धा पगार दिला, किती रक्कम राहिली आणि त्यातली आज तुम्ही किती देऊ शकता, हे त्यात नावानिशी लिहा. मग एकेकाला बाजूला बोलावून सांगा. पूर्ण देता येत असेल तर द्या. हप्त्याने देणार असाल तर तारखा लिहून द्या. देणे शक्यच नसेल तर तेही स्पष्ट शब्दांत सांगा आणि इतकी वर्षे विषय लांबवल्याबद्दल दिलगिरी व्यक्त करा. नकार ऐकणे कठीण असते, परंतु अधांतरी राहण्यापेक्षा ते बरे, हे मी स्वतः कर्मचारी म्हणून अनुभवले आहे. हे बोलणे जेवणाच्या वेळी, व्यासपीठावरून मात्र करू नका. प्रत्येकाची रक्कम वेगळी असते, शेजारी घरची माणसे बसलेली असतात आणि पैशाची घोषणा झाली की त्यापुढचे आभार कोणाला ऐकू येत नाहीत. मी वेटर असताना आमच्या एका मालकांनी वर्धापनदिनाच्या भाषणात बोनस जाहीर केला होता. टाळ्या खूप वाजल्या. बोनस चार महिन्यांनी आला, तोही निम्मा. त्या भाषणात मालकांनी माझ्याविषयी खरोखर चांगले काही सांगितले होते, पण ते काय होते हे आज मला आठवत नाही आणि निम्मा बोनस मात्र आठवतो.

वही उघडलीच आहे, तर परत आलेल्या चौघांची नोकरी कोणत्या तारखेपासून धरली आहे तेही पाहा. दहाव्या वर्षी बहुतेक मालक सेवेच्या वर्षांप्रमाणे भेटवस्तू देतात किंवा निदान भाषणात वर्षांचा उल्लेख करतात. ज्याने आधी पाच वर्षे काम केले, ज्याला तुम्ही काढले आणि जो बोलावल्यावर परत आला, त्याचा उल्लेख ‘चार वर्षांपासून आपल्यासोबत’ असा झाला, तर ते वाक्य त्याला टोचेल. त्याची सगळी वर्षे एकत्र मोजा.

आता तापाच्या गोष्टीकडे येतो. ती तुम्ही मायेने सांगणार आहात यात शंका नाही, तरीही ती काढून टाका. अन्न हाताळणारा माणूस आजारी असताना कामावर येणे ही आपल्या व्यवसायात चूक आहे. उलट्या किंवा जुलाब होत असतील, तर लक्षणे थांबल्यानंतरही 48 तास त्याला स्वयंपाकघरापासून दूर ठेवावे, असा अन्नसुरक्षेत अनेक ठिकाणी पाळला जाणारा दंडक आहे. मालकाने सर्वांसमोर ज्या गोष्टीचे कौतुक केले, ती त्या रात्रीपासून नियम बनते. सहा महिन्यांनी एखादा नवा मदतनीस पोट बिघडलेले असताना कणीक किंवा कोशिंबीर हाताळायला उभा राहील, कारण कामावर न येणाऱ्याची इथे किंमत नाही, असे त्याने तुमच्याच तोंडून ऐकलेले असेल. भाजलेल्या हाताला फडके गुंडाळून शिफ्ट पूर्ण करणाऱ्याची किंवा सलग तीन आठवडे सुट्टी न घेणाऱ्याची गोष्टही याच जातीची आहे. त्या आचाऱ्याचा मान राखायचा असेल, तर त्याच्या कामातला दुसरा प्रसंग शोधा. त्याच रात्रीविषयी बोलायचेच असेल, तर त्याला घरी पाठवण्याइतकी माणसे तेव्हा आपल्याकडे नव्हती आणि ती ठेवणे माझे काम होते, असे सांगा. त्यात त्याची निष्ठाही येते आणि पुढच्या माणसाला चुकीचा धडाही मिळत नाही.

दुसरा प्रसंग कुठे शोधायचा, हा या भाषणातला खरा कष्टाचा भाग आहे आणि मित्राला तो तुमच्यासाठी करता आला नसता. मालकाची स्मृती संध्याकाळची असते. तुम्हाला गल्ल्यावरून दिसणारे वेटर आठवतात, पाहुण्यांनी ज्याची स्तुती केली तो आचारी आठवतो. सकाळी दार उघडणारा, भाजी उतरवून घेताना वजन तपासणारा, रात्री शेवटी गॅसचा मुख्य कॉक बंद झाला आहे ना हे पाहून निघणारा, हे कोणीही तुमच्या नजरेच्या वाटेत येत नाहीत. म्हणून आठवणीवर अवलंबून राहू नका. हजेरीपट आणि जुने ड्युटी चार्ट काढून दोन तास बसा. कोणी कोणाच्या बदली उभे राहिले, ते तिथे दिसते. मग प्रत्येक विभागातल्या जुन्या माणसाला एकच प्रश्न विचारा: ‘तुमच्या विभागात असे कोण आहे, की जो आला नाही तर तुम्हाला पहिल्या अर्ध्या तासातच कळते, आणि कशावरून कळते?’ या प्रश्नाला ‘तो फार मेहनती आहे’ असे उत्तर देता येत नाही. ‘तो नसला की ताटल्या येतात, पण वाट्या येत नाहीत,’ अशी उत्तरे येतात आणि तुम्हाला हवे असलेले वाक्य त्यांतच असते.

रेस्टॉरंटमधली सर्वांत मोलाची कामे बहुधा अशी असतात, की ती नीट झाल्यावर काहीच घडत नाही. एखाद्या पाहुण्याने शेंगदाण्याची ॲलर्जी आहे असे ऑर्डर देताना पुसटसे सांगितले, वेटरने ते चिठ्ठीवर लिहिले, शिवाय स्वतः आत जाऊन आचाऱ्याला सांगितले आणि वेगळी कढई वापरली गेली. पाहुणे जेवून घरी गेले. कोणाला काही कळले नाही. सकाळी फ्रीजचा तापमापक पाच अंशांवरून बारावर गेलेला दिसला, तो किती वेळ तसा होता हे कळेना, तेव्हा तुमचा फोन लागण्याची वाट न पाहता स्टोअर सांभाळणाऱ्याने आतले दूधदुभते आणि मांस वेगळे काढून वापरातून बाद केले. त्या दिवशी तुमचे नुकसान झाले आणि कदाचित तुम्ही चिडलाही असाल. दहा वर्षांनंतर आभार मानायचे ते अशा गोष्टींचे. ते तुम्ही मानलेत, तर आपल्याकडे काय मोलाचे मानले जाते हे नव्या मुलांनाही कळेल.

लिहिलेले प्रत्येक वाक्य तपासण्याची एक सोपी रीत आहे. त्या वाक्यातले नाव काढून दुसऱ्या कोणाचे घाला. वाक्य तरीही खरे वाटत असेल, तर ते रिकामे आहे. ‘प्रामाणिक, कष्टाळू आणि सदैव हसतमुख’ हे कोणालाही लागू पडते. ‘पहिल्या वर्षी बिले हाताने लिहायचो, तेव्हा रोज रात्री बेरीज दोनदा करून एका रुपयाचा फरकही वहीत लिहून ठेवणाऱ्या’ हे फक्त तुमच्या कॅशिअरलाच लागू पडते.

मित्राच्या मसुद्यातले कुटुंबाचे वाक्यही याच कसोटीवर पडते, पण त्याला आणखी एक अडचण आहे. तुम्ही नऊ जणांना कमी केले आहे. कुटुंबातून माणसे कमी केली जात नाहीत, आणि समोर बसलेल्यांपैकी चार जणांना ते ठाऊक आहे. शिवाय त्या दिवशी त्यांची खरी कुटुंबे तिथे असतील आणि तुमच्या माणसांनी गेली दहा वर्षे संध्याकाळ घालवली ती त्यांच्यापासून दूर. हा हिशेब एकदा करून पाहा. आठवड्याचे सहा दिवस, वर्षाचे 52 आठवडे, दहा वर्षे म्हणजे 3,120 संध्याकाळी. बंद असलेले सात महिने वजा केले, तर साधारण 2,900. पहिल्या दिवसापासून असलेल्या माणसाने त्यातल्या काही रजेत घालवल्या असतील, तरीही अडीच हजारांहून अधिक संध्याकाळी त्याच्या घरच्यांनी त्याच्याशिवाय जेवण केले आहे. घरच्यांकडे पाहून हे एकदा सांगा. ‘कुटुंब’ हा शब्द त्यांच्यासाठी राखून ठेवा.

नावांचा प्रश्न वेळेच्या हिशेबाने सुटतो. माइकवर संथपणे बोलणारा माणूस मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द बोलतो. 34 जणांसाठी प्रत्येकी चौदा-पंधरा शब्दांचे एक वाक्य धरले, तर सुमारे 500 शब्द होतात. त्यात सुरुवात, 2020 चा उल्लेख आणि दोन प्रसंग मिळून आणखी 300 घातले, की सात ते आठ मिनिटे झाली. एवढे भाषण लोक मन लावून ऐकतात, म्हणून सर्वांची नावे घ्या. माणसे 80 असती, तर मी विभागवार उल्लेख सुचवला असता, पण 34 मध्ये पाच जणांची निवड केलीत तर उरलेल्या 29 जणांना वगळल्यासारखे होईल. नव्या माणसाविषयी सांगण्यासारखे फारसे नसेल, तर तो आल्यापासून काय बदलले तेवढे सांगा. एका महिन्यापूर्वी आलेल्याचे नुसते नाव आणि स्वागतही पुरेसे आहे.

क्रम मात्र नेहमीच्या उलट ठेवा, असा माझा आग्रह आहे. सहसा मुख्य आचारी आणि व्यवस्थापकांपासून सुरुवात होते आणि भांडी धुणारे, सफाई करणारे ‘आणि इतर सर्व’ मध्ये जातात. मी ज्या स्वयंपाकघरांत काम केले, तिथे गर्दीच्या रात्री सर्वप्रथम तुंबायची ती धुण्याची जागा. ताटल्या परत आल्या नाहीत, की उत्तम आचाऱ्यालाही हात बांधून उभे राहावे लागते. तिथून सुरुवात करा. मग सफाई, स्टोअर, भाज्या चिरणारे आणि तयारी करणारे, आचारी, वेटर आणि शेवटी गल्ला व व्यवस्थापन, असे बाहेरच्या दारापर्यंत या. वेटरांविषयी बोलताना एक भान ठेवा. पाहुण्यांची शाबासकी आणि बक्षिशी त्यांना रोज मिळते, आतल्यांना क्वचित मिळते, आणि या फरकाची सल बहुतेक स्वयंपाकघरांत असते. वेटरांच्या वाट्याला पाहुण्यांच्या स्तुतीच्या तीन गोष्टी आणि आतल्यांच्या वाट्याला कष्टाचे एक वाक्य, असे होऊ देऊ नका.

नावे कशी घ्यायची तेही आदल्या दिवशी विचारून घ्या. ज्या मावशींना आठ वर्षे सगळे नुसते ‘मावशी’ म्हणतात, त्यांच्या घरच्यांसमोर त्यांचे पूर्ण नाव नीट घेतले जाणे ही मोठी गोष्ट आहे. त्यानंतर हवे तर ‘आपल्या सर्वांच्या मावशी’ म्हणा. कोणाच्या आजारपणाचा, कर्जाचा किंवा घरातल्या अडचणीचा उल्लेख करणार असाल, तर त्या व्यक्तीने स्पष्ट होकार दिल्याशिवाय करू नका.

2020 चा उल्लेख टाळू नका. दहा वर्षांपैकी सात महिने दार बंद होते, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत आहे, आणि त्याबद्दल मौन बाळगलेत तर तेच सर्वांना ऐकू येईल. पण ‘आपण सर्वांनी मिळून संकटावर मात केली’ असे म्हणू नका, कारण सर्वांनी मिळून केली नाही. काहींनी नोकरी गमावली, काहींनी अर्ध्या पगारात घर चालवले आणि रेस्टॉरंट टिकले. कर्ता असलेली वाक्ये बोला. ‘कमी करावे लागले’ ऐवजी ‘मी कमी केले’ असे म्हणा. निर्णय आजही बरोबर वाटत असेल, तर त्याबद्दल माफी मागू नका. ती खोटी वाटेल. ज्या रीतीने सांगितले ती चुकली असेल, उदाहरणार्थ फोनवरून दोन मिनिटांत सांगितले असेल, तर तेवढ्यापुरती मागा. या भागाला चार-पाच वाक्ये पुरतात. परत न आलेल्या पाचांनाही जेवणाचे आमंत्रण द्यावे, असे मला मनापासून वाटते. ते येतील किंवा येणार नाहीत, पण आमंत्रण मिळाले असेल तर तुम्ही त्यांच्याविषयी जे बोलाल त्याला आधार राहील.

पहिल्या मुख्य आचाऱ्यांचे नाव घ्या. एकच वाक्य, तेही फक्त कामाविषयी असू द्या. स्वयंपाकघराची मांडणी त्यांनी केली असेल, आज शिकवणाऱ्यांना त्यांनी शिकवले असेल, तर ते सत्य वादामुळे बदलत नाही. ‘मतभेद झाले तरी’ ही पुस्ती मात्र जोडू नका. तिने वादच आठवतो. त्यांच्या हाताखाली तयार झालेली माणसे अजून तुमच्याकडे आहेत आणि उद्या आपण गेल्यावर आपल्याविषयी काय बोलले जाईल, हे ती या एका वाक्यावरून ओळखतील.

खाली भाषणाचा एक नमुना देत आहे. प्रसंग मी कल्पून घातले आहेत. त्यांच्या जागी तुमचे खरे प्रसंग आणि ‘अमुक’च्या जागी खरी नावे घाला. मधल्या सगळ्या नावांची वाक्ये मी लिहिलेली नाहीत, पण त्यांचा घाट कळावा म्हणून काही दिली आहेत.

‘मंडळी, मी सात-आठ मिनिटे बोलणार आहे आणि त्यात प्रत्येकाचे नाव येणार आहे. आज वाढणारे हात बाहेरून आले आहेत, म्हणून कोणीही उठायचे नाही.

सुरुवात धुण्याच्या जागेपासून करतो. अमुकताई, उघडल्याच्या तिसऱ्या रात्री आपल्याकडे ताटल्या कमी होत्या आणि पाहुणे जास्त. तुम्ही मला आत बोलावून म्हणालात की आचाऱ्यांना घाई करू नका, आधी मला आणखी एक माणूस द्या. मी स्वतः बाह्या सरसावून तुमच्या शेजारी उभा राहिलो. हा व्यवसाय कुठून चालतो, हे मला त्या रात्री तुम्ही शिकवलेत. अमुक, तू आल्यापासून काचेचे पेले फुटण्याची नोंद निम्म्यावर आली आहे. ती वही मी पाहतो.

स्टोअरचे अमुक. एका सकाळी फ्रीज बंद पडलेला पाहून तुम्ही आतले सगळे मांस बाद केलेत आणि मग मला कळवलेत. त्या दिवशी मी तुमच्यावर रागावलो होतो. चूक माझी होती. त्या दिवशी कोणी आजारी पडले नाही, याचे श्रेय तुमचे आहे आणि हे मी तेव्हाच सांगायला हवे होते.

आज आपल्या स्वयंपाकघरात चूल कुठे, ओटा कुठे, तयारीचे टेबल कुठे, हे सारे आपले पहिले मुख्य आचारी अमुक यांनी ठरवले. इथल्या सहा जणांना त्यांनी हाताला धरून शिकवले. त्यांचे आभार मी आज इथून मानतो.

2020 मध्ये आपण सात महिने बंद होतो. मी तेव्हा नऊ जणांना कामावरून कमी केले. काहींना फोनवर सांगितले. समोर बसून सांगायला हवे होते, त्याबद्दल मी माफी मागतो. इतरांनी अर्ध्या पगारात ते महिने काढले. दार पुन्हा उघडले तेव्हा चार जण परत आले. अमुक, अमुक, अमुक आणि अमुक, मी बोलावल्यावर तुम्ही नाही म्हणू शकला असता. तुम्ही आलात म्हणून पहिल्या आठवड्यात आपण दोन्ही वेळा उघडे राहू शकलो.

आणि इथे बसलेल्या घरच्या मंडळींना सांगतो. पहिल्या दिवसापासून असलेल्या पाच जणांनी अडीच हजारांहून अधिक संध्याकाळी इथे काढल्या. त्या संध्याकाळी तुमच्या होत्या. तुमच्या घरातल्या माणसाने त्या वेळेत काय केले, ते मी आज तुमच्यासमोर सांगितले आहे. तुमचे आभार.

आता जेवूया.’

नमुन्यात बँक, पुरवठादार, पाहुणे आणि तुमच्या स्वतःच्या घरच्यांचे आभार नाहीत, हे तुमच्या लक्षात आले असेल. ते मी हेतुपूर्वक वगळले आहेत. ते खरे असतीलही, पण त्यांच्यासाठी दुसरा दिवस आहे. सुरुवातीच्या कर्जाची, जागा शोधण्याची आणि तुमच्या धडपडीची कहाणीही इथे नको. त्या रात्री तुम्ही आभार मानणारे आहात आणि ऐकणाऱ्यांना त्यांची स्वतःची दहा वर्षे ऐकायची आहेत. पुढच्या योजना, नवी शाखा, वाढणारी उलाढाल हेही नको, कारण उलाढालीचा आकडा कानावर पडताच प्रत्येक जण मनातल्या मनात आपला पगार त्याच्याशेजारी मांडून पाहतो.

व्यवस्थेविषयी थोडे. जेवण तुमच्याच जागेत असेल, तर स्वयंपाक आणि वाढणे पूर्णपणे बाहेरच्या माणसांकडे द्या. अर्धवट दिले, तर तुमचे आचारी सवयीने आत जातील आणि भाषण त्यांना आतून ऐकावे लागेल. लोक बसल्यावर, पोटात काहीतरी गेल्यावर आणि मुख्य जेवण वाढण्याआधी बोला. रिकाम्या पोटी आठ मिनिटे फार वाटतात आणि शेवटी ठेवलेत तर लांब राहणारे व लहान मुले असलेले निघून गेलेले असतात. एक्झॉस्ट आणि संगीत बंद करून माइक आदल्या दिवशी तपासा. तुमच्या दालनाचा आवाज तुम्हाला सवयीने जाणवत नसला, तरी मागच्या टेबलावर तो शब्द गिळतो. धुण्याच्या विभागातली माणसे स्वतःहून मागे, दाराजवळ बसतील. त्यांना आधीच पुढची टेबले नेमून द्या, कारण पहिले वाक्य त्यांच्याविषयी आहे आणि ते बोलताना तुम्हाला त्यांच्याकडे पाहता आले पाहिजे.

भाषण पाठ करू नका. मोठ्या अक्षरांत, एका कार्डावर एक विभाग, असे लिहून हातात ठेवा आणि उघडपणे वाचा. 34 नावांत एक राहून गेले, तर ती रात्र त्या माणसासाठी तिथेच संपते. कार्ड हातात असण्याचे कारण हेच आहे. बोलण्याआधी कार्डांवरची नावे हजेरीपटाशी पुन्हा ताडून पाहा, आणि हे काम तुमच्याखेरीज आणखी एकाकडून करून घ्या.

आणि त्या रात्री जो येऊ शकणार नाही, मग तो पहाऱ्यावर असेल, रजेवर असेल किंवा आजारी असेल, त्याचे कार्ड बाजूला काढून ठेवू नका. त्याचे वाक्यही सर्वांसमोर वाचा आणि दुसऱ्या दिवशी तेच कार्ड त्याच्या हातात द्या.